ऑफिसच्या परदेश दौऱ्याला जोडून रजा: कंपनीने कुठपर्यंत द्यायचं आणि आपण कुठून?

मुग्धा_ठाणे

नमस्कार मंडळी. पवईच्या एका इंजिनीअरिंग कंपनीत नोकरी करते. नवीन मशीनच्या ट्रेनिंगसाठी ऑफिस मला म्युनिकला पाठवतंय. ट्रेनिंग सोमवार २० एप्रिल ते शुक्रवार २४ एप्रिल. रविवारी १९ तारखेला पहाटेच्या विमानाने निघायचं आणि शनिवारी २५ ला दुपारच्या विमानाने परतायचं, असं ठरलंय.

त्यापुढच्या आठवड्यात २७ ते ३० अशा चारच रजा टाकल्या की शुक्रवारी १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. म्हणजे २ मेच्या शनिवारी परत निघता येईल. नवराही स्वतःच्या खर्चाने येईल आणि आम्ही साल्झबर्ग, व्हिएन्ना करू असा विचार आहे. युरोपला स्वतःहून जाणं आमच्या बजेटमध्ये इतक्यात बसणारं नाही, त्यामुळे ही संधी सोडवत नाहीये.

आमच्या ट्रॅव्हल पॉलिसीत याबद्दल एकच ओळ आहे: वैयक्तिक खर्च कर्मचाऱ्याने करावा. आमच्या डिपार्टमेंटमध्ये असं कोणी आजवर मागितलेलं नाही. साहेब चांगले आहेत, पण नियमाला धरून चालणारे. विचारायचं कसं? तिकीट कोणी काढायचं? मधल्या शनिवार-रविवारचं हॉटेल कोणाचं? व्हिसाची फाइल पुढच्या आठवड्यात जाणार आहे, म्हणून जरा घाई आहे.

विक्रोळीकर

बिनधास्त विचारा. तिकीट तर कंपनी काढणारच आहे, परतीची तारीख फक्त पुढे ढकलायची. त्यांना एक रुपयाही जास्त पडत नाही. उलट मधे शनिवार-रविवार राहिलं की भाडं बऱ्याचदा उतरतं. तसं झालं तर उरलेला फरक आपल्या हॉटेलला लावून घ्या, पैसे कंपनीचेच वाचवलेत ना तुम्ही.

तेजू_डोंबिवली

आणि पुढच्या आठवड्याच्या खर्चावर एलटीए क्लेम करता येईल ना? रजा घेऊन फिरायलाच तर चालला आहात. आमच्याकडे बरेच जण सुट्टीची बिलं लावतात.

निवृत्त_नाना

मुग्धाताई, मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो. एलटीसी घ्यायची तर आधी मंजुरी लागते आणि मूळ गावाची एलटीसी वेगळी, भारतभराची वेगळी. दौऱ्यावर असताना एलटीसी सुरू करता येईल का, हे तुमच्या आस्थापना विभागाला विचारा. आमच्याकडे दौऱ्यात कोणी किरकोळ रजा टाकली तर त्या दिवसांचा दैनिक भत्ता मिळत नसे. त्यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

मुग्धा_ठाणे

नाना, माझी खाजगी कंपनी आहे आणि मी एलटीसी मागत नाहीये, फक्त परतीची तारीख पुढे न्यायची आहे. पण दैनिक भत्त्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्याकडेही रोजचा भत्ता आहे, परदेशी फॉरेक्स कार्डावर टाकून देतात.

खातेवही

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्स बघतो. कर्मचाऱ्यांचे प्रवासाचे क्लेम माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

तेजू, एलटीएची करसवलत फक्त भारतातल्या प्रवासावर मिळते. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनदा, तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तर. परदेशातल्या फिरण्याला ती लागूच होत नाही. भारतातल्या सुट्टीची बिलं लावणारे तुमचे सहकारी बरोबर असतील, पण या प्रवासात त्याचा उपयोग नाही.

विक्रोळीकर, तुमचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. परतीची तारीख बदलल्याने भाडं कमी होऊ शकतं तसं वाढूही शकतं, आणि १ मेच्या जोडसुट्टीत वाढण्याचीच शक्यता जास्त. भाडं उतरलं तरी फरक आपल्याला मिळत नाही. कंपनीने जो खर्च केलाच नाही त्याची परतफेड कशी मागणार? तो रुपया कर्मचाऱ्याच्या हॉटेलला लावला की तो कंपनीने दिलेला सुट्टीचा खर्च ठरतो, आणि तिथे आयकर येतो.

हे फारसं कोणाला माहीत नसतं, पण १९६२ च्या आयकर नियमांत नेमका हाच प्रसंग धरलेला आहे. नियम ३(७)(ii) मध्ये लिहिलंय की ऑफिसचा दौरा सुट्टी म्हणून लांबवला, तर लांबवलेल्या मुक्कामावर कंपनीने केलेला खर्च तेवढाच कर्मचाऱ्याची सवलत म्हणून पगारात धरायचा. मूळ दौऱ्याचा खर्च त्यात येत नाही. त्याच नियमात असंही आहे की दौऱ्यावर घरची माणसं सोबत आली आणि त्यांचा खर्च कंपनीने केला, तर तोही करपात्र. नव्या प्राप्तिकर कायद्यात क्रमांक बदललेत, त्यामुळे तुमच्या सीएला विचारताना क्रमांकापेक्षा मजकूर सांगा.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. फक्त कामापुरता दौरा झाला असता तर कंपनीला काय खर्च आला असता, तो आकडा आधी कागदावर आणा. कंपनीने तेवढं द्यायचं, त्याच्या वरचं सगळं तुम्ही. हे ठरलं की विचारणंही सोपं जातं, कारण साहेबांना "यात आपला एक पैसा जास्त जात नाही" हे आकड्यानिशी दाखवता येतं.

मुग्धा_ठाणे

हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. पण तो आकडा आणायचा कसा? तिकीट तर एकच निघणार, २ मेचं.

बोर्डिंगपास

इथे मी लिहिते, कारण आठ-नऊ वर्षं ट्रॅव्हल डेस्कवर काम केलंय.

तुमच्या ट्रॅव्हल डेस्कला एकाच दिवशी, शक्य तर एकाच तासात, दोन कोटेशन काढायला सांगा. पहिलं १९ ला जाणं, २५ ला येणं. दुसरं १९ ला जाणं, २ मेला येणं. दोन्हींत तीच विमान कंपनी, तोच मार्ग. दोन्हींचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट मेलला जोडायचे. आठवड्याभराने काढलेलं पहिलं कोटेशन कोणी मानणार नाही, कारण तोवर भाडं हललेलं असतं आणि मग वाद सुरू होतो की फरक तुमच्या तारखांमुळे की उशिरामुळे.

बहुतेक घोळ भाड्याच्या प्रकारात होतो. एकाच विमानातल्या एकाच इकॉनॉमीत चार-पाच भाडी असतात: एकात बॅग नाही, एकात तारीख बदलता येत नाही, एकात थोडे पैसे भरून बदलता येते. मोठ्या कंपन्यांना विमान कंपनीकडून कॉर्पोरेट भाडं मिळतं, ज्यात बदल स्वस्तात होतो. डेस्कने २५ तारखेसाठी सगळ्यात स्वस्त, न बदलणारं भाडं लावलं आणि २ मेसाठी बदलता येणारं, तर फरक वीस-पंचवीस हजार दिसेल आणि तो तुमच्या माथी येईल. ओळखायचं कसं? कोटेशनमध्ये बॅगेचं वजन आणि तारीख बदलण्याचे चार्जेस अशा दोन ओळी असतात. दोन्ही कागदांवर त्या सारख्या असल्या पाहिजेत. नसल्या तर परत काढून मागा, यात संकोच करायचं काही कारण नाही.

आता व्हिसा. रजेचं अजून बोलला नसाल तर फाइल जायच्या आधी बोला. शेंगेन व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध, आणि त्यात किती दिवस राहता येईल. वैधतेला सहसा पंधरा दिवसांची जादा मुभा धरलेली असते, ती पाहून लोकांना वाटतं की आठवडाभर जास्त राहिलं तर चालेल. चालत नाही. मोजायचे ते मुक्कामाचे दिवस. तुमची फाइल १९ ते २५ ची गेली तर ७ दिवस मिळू शकतात, आणि तुम्हाला लागणार १४. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही त्यात मोजले जातात.

ऑफिसच्या पत्रात "या प्रवासाचा सर्व खर्च कंपनी करेल" असं छापील वाक्य असतं, तेही बदलून घ्या. १९ ते २५ ट्रेनिंगसाठी, खर्च कंपनीचा. २५ ते २ मे मंजूर रजा, खर्च कर्मचाऱ्याचा. मग त्या आठवड्याचं हॉटेल बुकिंग आणि तुमचं बँक स्टेटमेंट जोडा. बिझनेस व्हिसावर शेवटी चार दिवस फिरायला काही अडचण नसते, लपवायची तर अजिबात गरज नाही.

लोकल_आठ_बारा

माझा किस्सा सांगतो, देशातलाच आहे पण कामाला येईल. कोचीला क्लायंटकडे गुरुवार-शुक्रवार काम होतं. साहेबांची परवानगी घेऊन शनिवार-रविवार तिथेच राहिलो. हॉटेल तेच, खोली तीच. चेकआउटला हॉटेलने चारही रात्रींचं एकच बिल केलं, कंपनीच्या नावाने, कंपनीचा जीएसटी नंबर टाकून. दोन रात्रींचे पैसे मी माझ्या कार्डावरून दिले होते. तरी अकाउंट्सने अख्खा क्लेम अडवला, कारण त्यांच्या दृष्टीने कंपनीच्या नावावर चार रात्रींचं बिल होतं आणि मंजुरी दोनची. हॉटेल म्हणे एकदा काढलेलं बिल फोडता येत नाही. पैसे मिळेपर्यंत फार मनस्ताप झाला. चिडलो होतो, अजूनही वाटतं की दोन्ही बाजूंनी थोडं समजून घ्यायला हवं होतं.

खातेवही

लोकल, तुमचं चिडणं समजू शकतो, पण अकाउंट्सवाल्याचीही बाजू आहे. कंपनीच्या नावाचं बिल तो पुस्तकात घेतो तेव्हा ऑडिटर त्याला विचारतो की शनिवारी-रविवारी क्लायंटचं कुठलं काम होतं. उपाय सोपा आहे. बुकिंगच दोन करायची. कंपनीच्या रात्री कंपनीच्या नावाने, आपल्या रात्री आपल्या नावाने, आपल्या कार्डावर. शुक्रवारी रात्री रिसेप्शनला जाऊन सांगायचं की उद्या सकाळी पहिलं बिल बंद करा. खोली बदलावी लागली तर बदलायची. मुग्धाताई, तुमचा तर गावच बदलतोय, त्यामुळे तुम्हाला हा त्रास नाही. पण तुमचे यजमान कधी पोहोचणार?

मुग्धा_ठाणे

शुक्रवारी २४ ला संध्याकाळी यावं असा विचार होता. माझ्या हॉटेलच्या खोलीतच एक रात्र.

खातेवही

मग त्या रात्री एकाच्या ऐवजी दोघांचं भाडं लागेल, नाश्ता धरून. तो फरक वेगळ्या पावतीवर तुम्ही भरा. रक्कम छोटी असेल, पण वर सांगितलेल्या नियमातली "घरची माणसं" ती हीच. आणि ऑफिसला आधी कळवा, नंतर बिलात दोन नावं दिसली की विनाकारण प्रश्न येतात.

बोर्डिंगपास

यजमानांच्या व्हिसाबद्दल एक गोष्ट राहिलीच. एकापेक्षा जास्त शेंगेन देश असले तर अर्ज मुख्य देशाकडे करायचा. मुख्य देश ठरतो जिथे जास्त दिवस मुक्काम आहे किंवा प्रवासाचं मुख्य कारण जिथे आहे त्यावरून. तुमचं कारण म्युनिकमध्ये आहे, म्हणून तुमचा अर्ज जर्मनीकडे. तरी परतीच्या आदली रात्र म्युनिकमध्ये ठेवा, म्हणजे जर्मनीतल्या रात्री ७ आणि ऑस्ट्रियातल्या ६ होतील, हिशेबही त्याच बाजूला पडेल.

पण यजमान फक्त फिरायला येताहेत. त्यांच्या जर्मनीत दोन रात्री आणि ऑस्ट्रियात सहा. त्यांचा अर्ज ऑस्ट्रियाकडे जायला हवा. नवरा-बायको आहोत म्हणून दोघांनी एकाच खिडकीवर फाइल दिली की इथे अडकायला होतं. नाहीतर बेत थोडा बदलून बव्हेरियातच जास्त दिवस काढा, बेर्श्टेसगाडेन साल्झबर्गच्या अगदी शेजारी आहे आणि ते जर्मनीत येतं.

मुग्धा_ठाणे

अरे बापरे, हे मला कधीच कळलं नसतं! आम्ही दोघांची फाइल एकत्रच देणार होतो. आज रात्रीच नकाशा घेऊन बसतो.

आणखी एक. व्हिएन्नाहून थेट मुंबईला परतलं तर म्युनिकला उलटं यावं लागणार नाही. ते जमेल का?

बोर्डिंगपास

जमतं, पण मग तिसरं कोटेशन काढा आणि तेही पहिल्याशी ताडून बघा. जाणं एका शहरात आणि येणं दुसऱ्या शहरातून असलं की भाडं बऱ्याचदा चढतं, आणि तो सगळा फरक तुमचा. व्हिएन्ना-म्युनिक रेल्वेने साधारण चार तासांचं अंतर आहे, थेट गाड्या आहेत. शिवाय व्हिएन्नाहून परतलात तर ऑस्ट्रियातल्या रात्री जर्मनीपेक्षा जास्त होतील, तुमच्याही व्हिसाचं गणित संदिग्ध होईल. आधी आकडे तर येऊ देत.

मुग्धा_ठाणे

मंडळी, आकडे आले. डेस्कच्या मुलीने फार मदत केली. तिघांतही बॅग आणि तारीख बदलण्याच्या ओळी सारख्याच आहेत, बघून घेतल्या.

१९ ते २५ एप्रिल, म्युनिक जाऊन-येऊन: ७१,५०० रुपये.
१९ एप्रिल ते २ मे, म्युनिक जाऊन-येऊन: ७८,९००.
१९ एप्रिलला म्युनिक, २ मेला व्हिएन्नाहून परत: ८६,०००.

म्हणजे म्युनिकहून परतले तर माझ्याकडून ७,४०० आणि व्हिएन्नाहून परतले तर १४,५००. रेल्वेचं तिकीट यापेक्षा नक्कीच कमी आहे, त्यामुळे म्युनिकहूनच परतणार.

आता मेलचा मसुदा केलाय. ऑफिसला इंग्रजीत जाईल, इथे मराठीत लिहिते. बघून सांगा.

"सर, म्युनिकचं ट्रेनिंग शुक्रवारी २४ एप्रिलला संपतं. त्यानंतर २७ ते ३० एप्रिल अशी चार दिवसांची अर्जित रजा घेऊन मी २ मेच्या शनिवारी परत निघू इच्छिते. सोमवारी ४ मेला ऑफिसला हजर असेन. ट्रेनिंगचा रिपोर्ट मी २४ तारखेलाच संध्याकाळी पाठवेन, तो रजेमुळे थांबणार नाही. दोन्ही तारखांचे आजचे भाडे सोबत जोडले आहे. ७,४०० रुपयांचा फरक मी भरेन. २५ तारखेच्या सकाळपासून राहणं, जेवण, स्थानिक प्रवास आणि विमा माझ्या खर्चाने. त्या दिवसांचा भत्ता मी घेणार नाही. आपली मंजुरी मिळाली की व्हिसाचं पत्र त्याप्रमाणे घ्यावं अशी विनंती."

विक्रोळीकर

मसुदा छान आहे. तिकिटाच्या फरकाबद्दल मी वर जे लिहिलं त्यावर खातेवहींचं म्हणणं पटलं. पण एक शंका: आधी तोंडी बोलणार की थेट मेल? आमच्याकडे साहेबांना मेलवर एकदम असं आलं की पहिला प्रतिसाद "नाही" असतो.

खातेवही

आधी तोंडी, दहा मिनिटं. साहेबांना दोनच गोष्टींची काळजी असते: काम अडेल का, आणि उद्या दहा जण हेच मागतील का. रिपोर्टची ओळ पहिल्याचं उत्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर आकड्यांत आहे, कारण दहा जणांनी मागितलं तरी कंपनीचा खर्च वाढत नाही. मग त्याच दिवशी हा मेल, आणि रजा एचआरच्या पोर्टलवर टाकायची. पोर्टलवर रजा मंजूर नसताना तिकीट काढू नका.

मसुद्यात दोन वाक्यं वाढवा. ट्रेनिंग लांबलं आणि सोमवारी २७ ला कामावर थांबावं लागलं, तर त्या दिवसाचं हॉटेल, भत्ता कंपनीचा आणि ती रजा परत जमा. हे बऱ्याचदा होतं, मशीन शुक्रवारी चालत नाही आणि सगळे म्हणतात आता आहातच इथे तर सोमवारी या. आधी लिहिलेलं असलं की कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. आणि दुसरं, विम्याबद्दल.

मुग्धा_ठाणे

विमा मी वेगळा घेणारच आहे ना?

खातेवही

कंपनीचा प्रवास विमा दौऱ्याच्या तारखांपुरता असतो. २५ ला तो संपेल. व्हिसासाठी मात्र संपूर्ण मुक्कामाचा, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. दोन वेगळ्या पॉलिसी जोडता येतात, पण मधे एका दिवसाचीही फट नको. त्यापेक्षा कंपनीच्या विमावाल्याला विचारा की हीच पॉलिसी २ मेपर्यंत वाढवून दिली तर जादा हप्ता किती, तो तुम्ही भरा. निघायच्या आधी करा. तिकडे गेल्यावर वाढवायला गेलं तर फार अडचणी येतात.

फॉरेक्स कार्डही तसंच. कंपनीने भत्ता टाकलेलं कार्ड २५ पासून बाजूला ठेवा. त्यावर साल्झबर्गच्या हॉटेलचा एक व्यवहार दिसला तरी हिशेब जुळवताना सगळी स्टेटमेंट उलगडावी लागते. तुमच्या आठवड्यासाठी स्वतःच्या बँकेचं वेगळं कार्ड घ्या.

निवृत्त_नाना

ताई, आता माझ्या लक्षात आलं. मग एक प्रश्न माझाही. १ मेची सुट्टी तुम्ही रजेत धरली नाहीत. परदेशात असताना महाराष्ट्र दिनाची सुट्टी तुमचं ऑफिस देईल?

मुग्धा_ठाणे

हो नाना, एचआरला विचारलं. माझं ऑफिस पवईचं, म्हणून सुट्ट्यांची यादी पवईची. आणि गंमत म्हणजे १ मेला तिकडेही कामगार दिनाची सुट्टी असते, जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे. मधल्या शनिवार-रविवारीही रजा लागत नाही, कारण त्याच्या एका बाजूला रजा आहे आणि दुसऱ्या बाजूला काम.

बोर्डिंगपास

मग १ मेला दुकानं बंद असतील. खरेदी, औषधं वगैरे ३० तारखेलाच करून ठेवा.

लोकल_आठ_बारा

एक राहिलं. परतीच्या दिवसाचा भत्ता? मूळ दौऱ्यात २५ ला परतीच्या प्रवासाचा भत्ता मिळाला असता. आता प्रवास २ मेला. तो मिळणार की गेला?

खातेवही

कामापुरत्या दौऱ्याचा खर्च हेच माप धरलं तर एक परतीचा दिवस कंपनीने दिलाच पाहिजे, तो २५ ला असो की २ मेला. तसंच मुंबई विमानतळावरून ठाण्यापर्यंतची टॅक्सीही कंपनीची, कारण ती कधीही लागलीच असती. आमच्या कंपनीत मी हेच पास करतो.

बोर्डिंगपास

टॅक्सी मान्य, भत्ता नाही. मी दोन कंपन्यांत काम केलं, दोन्हीकडे नियम असा होता की भत्ता कामाच्या शेवटच्या दिवशी थांबतो. त्यांचं म्हणणं, भत्ता हा कामासाठी बाहेर असल्याच्या खर्चापोटी आहे, आणि २ मेला ताई सुट्टीवरून परतताहेत, कामावरून नाही. मलाही ते पटतं.

खातेवही

पण जाताना रविवारचा भत्ता देता ना? तोही प्रवासाचाच दिवस. कामाला न्यायचं तसं कामावरून आणायचंही आहे.

बोर्डिंगपास

रविवारी जाणं कामासाठी आहे, त्यात शंका नाही. २ मेला ताईंनी आठवडाभर दुसरीकडे मुक्काम केलेला असेल. यावर आपलं एकमत होणार नाही.

मुग्धा_ठाणे

मी भत्ता सोडून देते, मागणीत एक वादाची गोष्ट कमी. टॅक्सीचं मात्र लिहिते.

साहेबांशी आज बोलले! त्यांनी आकडे पाहिले, रिपोर्ट शुक्रवारी येईल ना असं दोनदा विचारलं आणि हो म्हणाले. मेलवर मंजुरी संध्याकाळी आली. व्हिसाचं पत्र उद्या दोन भागांत मिळेल. फार हलकं वाटतंय, तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू!

पण एचआरने एक प्रश्न परत पाठवलाय. तिकीट काढल्यावर ट्रेनिंगच रद्द झालं किंवा पुढे गेलं, तर कॅन्सलेशनचे पैसे कोणाचे?

विक्रोळीकर

कंपनीचे. ट्रेनिंग त्यांनी रद्द केलं.

खातेवही

मूळ तिकिटापुरतं नक्कीच कंपनीचं. पण तुम्ही भरलेले ७,४०० परत मिळतील का, हे तिकिटाच्या नियमांवर आहे. रद्द करताना ठरावीक रक्कम कापली जाते आणि उरलेलं परत येतं. कापलेली रक्कम दोघांत कशी वाटायची? माझ्या मते ती सगळी कंपनीने सोसावी, कारण ७१,५०० चं तिकीट असतं तरी तेवढीच कापली गेली असती. तुमचे ७,४०० पूर्ण परत. पण मी पाहिलंय, काही ठिकाणी प्रमाणात वाटतात.

बोर्डिंगपास

हॉटेल आणि यजमानांचं तिकीट मात्र तुमचीच जबाबदारी, ते कंपनी कधीच देणार नाही. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द होणारीच हॉटेलं घ्या. यजमानांच्या तिकिटात तारीख बदलता येणारं भाडं घ्या, थोडं महाग पडलं तरी. ट्रेनिंग आठवडाभर पुढे सरकणं हे रद्द होण्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

मुग्धा_ठाणे

ठीक, एचआरला खातेवहींचं म्हणणं लिहून पाठवते: कापलेली रक्कम कंपनीची, माझा फरक मला परत, बाकी माझं. ते काय म्हणतात ते कळलं की इथेच सांगते. नवऱ्याची फाइल तोवर थांबवली आहे. बेर्श्टेसगाडेनला तीन रात्री धरल्या तर त्याच्या रात्री जर्मनीत पाच आणि ऑस्ट्रियात तीन होतात, म्हणजे दोघांचा अर्ज एकाच ठिकाणी देता येईल. बरोबर ना, बोर्डिंगपास?

बोर्डिंगपास

२४ ची म्युनिक, बेर्श्टेसगाडेनच्या तीन, १ मेची म्युनिक. हो, पाच. हॉटेल बुकिंग त्याच क्रमाने लावा आणि दोघांच्या अर्जात २५ पासूनच्या तारखा अगदी जुळू द्या.